खालून वर वाचायचा दगड

संग्रहालयात सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांकडे थोडा वेळ बघत उभे राहिले, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. बरीच मुले वस्तूकडे बघतच नाहीत. वही काढतात आणि शेजारच्या पाटीवरचा मजकूर भराभर उतरवून घेतात. शाळेत गेल्यावर सहलीचा अहवाल लिहायचा असतो, बाईंनी तसे बजावलेले असते, आणि पाटीवर लिहिले आहे म्हणजे ते बरोबरच असणार. ‘स्मारकशिला’, ‘उत्कीर्ण’, ‘अधःस्तर’ असे शब्द वहीत जसेच्या तसे जातात. दगड मात्र न पाहिलेलाच राहतो.

यात मुलांची चूक नाही. पाटी ज्याने लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर मुले नव्हती, दुसरा अभ्यासक होता. महाराष्ट्रातल्या संग्रहालयांत वीरगळ बऱ्याच ठिकाणी आहेत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. वीरगळ म्हणजे लढाईत मारल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला, चित्रे कोरलेला दगड. त्याच्या शेजारची पाटी साधारणपणे अशा वळणाची असते (हा नमुना मी केला आहे, पण संग्रहालये हिंडणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल):

‘वीरगळ. बेसॉल्ट. यादव काल, अंदाजे इ.स. १२वे–१३वे शतक. चतुःस्तरीय स्मारकशिला. अधःस्तरावर गोग्रहण प्रसंगी वीराचे धारातीर्थी पतन, द्वितीय स्तरावर संग्रामदृश्य, तृतीय स्तरावर अप्सरांसमवेत स्वर्गारोहण व शीर्षस्थानी शिवोपासना उत्कीर्ण. ऊर्ध्वभागी चंद्रसूर्य व कलश.’

यातला एकही शब्द चुकीचा नाही. नोंदवहीसाठी ही उत्तम नोंद आहे. अडचण अशी, की नोंदवहीतली नोंदच मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावली आहे. नोंद वाचणाऱ्याला दगड समोर नसताना कळावा म्हणून केलेली असते. पाटी वाचणाऱ्याच्या तर दगड हातभर अंतरावर असतो. त्याला वर्णन नको असते. कुठे बघायचे आणि जे दिसते आहे ते काय, एवढेच त्याला हवे असते.

वीरगळ तर बघायला शिकवावा लागतो. आपली सवय वरून खाली वाचायची आणि हा दगड खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत बहुधा मरून पडलेला वीर असतो, काही ठिकाणी त्याच्याजवळ गाई असतात. त्या काळी गुरे हीच गावाची संपत्ती. ती पळवायला हल्ला व्हायचा आणि ती वाचवताना माणसे मरायची. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई. तिसऱ्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश, त्याच्या दोन्ही बाजूंना चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील. चौकटी कधी तीन असतात, कधी जास्त, प्रसंगही बदलतात. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. पण खालून वर हा क्रम कायम असतो. तो एकदा कळला की पाचवीतले मूलही पुढचा वीरगळ स्वतः वाचते.

म्हणून नव्या पाटीचे पहिले वाक्य ठरून जाते: ‘हा दगड खालून वर बघा.’ नाव नाही, काळ नाही, दगडाची जात नाही. पहिल्याच वाक्याने मुलाची मान खाली गेली पाहिजे. पाटीतल्या कोणत्याही वाक्याची परीक्षा मला हीच योग्य वाटते: ते वाचून डोळे वस्तूकडे वळतात, की पुढच्या ओळीकडे?

या कसोटीला लावले की अवघड शब्दांचा प्रश्नही बराचसा सुटतो. पारिभाषिक शब्द सरसकट काढून टाकायचे, असा एक सोपा नियम सांगितला जातो. मला तो पटत नाही. ‘वीरगळ’ हाच पारिभाषिक शब्द आहे आणि तो मुलाने घरी न्यायलाच हवा, कारण त्या शब्दाने त्याला गावच्या देवळाजवळचा तसाच दगड ओळखता येईल. ‘उत्कीर्ण’ मात्र जायला हवा. त्याचा अर्थ ‘कोरलेले’ एवढाच, आणि कोरलेले आहे हे तर दिसतेच. ‘स्वर्गारोहण’ जावा, कारण ‘अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत’ असे म्हटले की मूल अप्सरा शोधू लागते. दर पाटीला एक नवा शब्द द्यावा, फार तर दोन. आणि तो वस्तू पाहून झाल्यावर द्यावा. आधी दगड बघितला, गोष्ट कळली, मग ‘अशा दगडाला वीरगळ म्हणतात’ हे वाक्य आले, की शब्द लक्षात राहतो. हाच शब्द पहिल्या ओळीत आला, तर तो व्याख्या होऊन बसतो.

काळाचे तसेच आहे. ‘१२वे शतक’ म्हटल्यावर मुलांच्या मनात १२०० च्या पुढची वर्षे येतात, खरे तर ती ११०१ ते १२०० अशी असतात. मोठ्यांचीही इथे गफलत होते. ‘सुमारे ८०० वर्षांपूर्वी’ हे बरे, पण ८०० वर्षे म्हणजे किती, याची कल्पना दहा वर्षांच्या मुलाला कुठून यावी? त्याला ओळखीची एक खूण हवी. महाराष्ट्रातल्या मुलांकडे ती आहे. चौथीत त्यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र अभ्यासलेले असते. महाराजांचा जन्म १६३० चा. ‘महाराजांच्या जन्माच्या सुमारे ४०० वर्षे आधीचा’ असे लिहिले की दगड कुठेतरी टेकतो. मुले महाराजांना फार जुने समजतात, त्याहूनही जुने काहीतरी समोर उभे आहे हे त्यांना कळते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ही खूण चालते, कारण इतिहास तेही हाच शिकतात.

आता लांबीचा विचार. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने आपल्या लोकांसाठी पाट्या लिहिण्याची एक मार्गदर्शिका केली आहे, आणि तिच्यात एका वस्तूच्या पाटीला साधारण ६० शब्दांची मर्यादा आहे. हा आकडा इंग्रजीचा. मराठीत ‘चा-ची-चे’, ‘त’, ‘ने’, ‘साठी’ हे सारे शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत मावतो, पण प्रत्येक शब्द लांब होतो. इंग्रजीच्या ६० शब्दांसाठी मराठीला ४५ शब्दांच्या आसपास पुरतात, असा माझा अंदाज. म्हणून मराठीत शब्द मोजण्यापेक्षा मोठ्याने वाचून घड्याळ बघावे. अर्ध्या मिनिटात संपायला हवे. मागून दुसरी तुकडी येत असते आणि शिक्षक ‘चला, पुढे चला’ म्हणत असतात, त्याहून जास्त वेळ कोणालाही मिळत नाही.

ओळ कुठे तोडायची, हेही लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते. छपाईवाल्यावर सोपवायचे नसते. मार्गारेता एकार्व या स्वीडिश लेखिकेने स्टॉकहोमच्या टपाल संग्रहालयासाठी पाट्या लिहिताना एक पद्धत वापरली. ओळ साधारण ४५ अक्षरांची, आणि बोलताना जिथे श्वास घेतो तिथे ती संपवायची. मराठीला ही पद्धत फार मानवते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ओळी कशाही तुटल्या आणि मध्ये दोन-तीन उपवाक्ये शिरली, की क्रियापद येईपर्यंत मूल कर्ता विसरते. वाक्य एका ओळीत, फार तर दोन ओळींत संपले, तर हा धोका राहत नाही.

या सगळ्यातून वीरगळाची पाटी अशी होते:

हा दगड खालून वर बघा.

सर्वांत खाली गाई आहेत,
आणि आडवा पडलेला एक माणूस.
हल्लेखोर गावाची गुरे पळवत होते.
त्यांना अडवताना तो मारला गेला.

दुसऱ्या चौकटीत ती लढाई दिसते.
त्याच्या हातात कोणते शस्त्र आहे?

तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत.
सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे.

अशा दगडाला वीरगळ म्हणतात.
हा सुमारे ८०० वर्षांपूर्वीचा आहे,
म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या
सुमारे ४०० वर्षे आधीचा.
त्या माणसाचे नाव दगडावर कोरलेले नाही.

हे सत्तरेक शब्द होतात, मी वर सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. पण यातली मधली वाक्ये एकगठ्ठा छापायची नाहीत. पाटीवर दगडाचे साधे रेखाचित्र काढायचे, चारही चौकटी त्यात दाखवायच्या आणि ज्या चौकटीचे वाक्य तिच्या शेजारी ठेवायचे. मग एका ठिकाणी दोन-चार ओळींहून जास्त काही वाचावे लागत नाही. झिजलेल्या दगडावर रेखाचित्राचा आणखी एक फायदा होतो. ऊन-पावसात शतके उभ्या राहिलेल्या दगडावर गाय कुठली आणि खडबडीतपणा कुठला, हे मोठ्यांनाही चटकन कळत नाही.

‘हल्लेखोर’ हा शब्द विचार करून घातला आहे. आधी ‘चोर’ असाच शब्द सुचतो, तो सोपाही आहे. पण गुरे पळवणारे शेजारच्या एखाद्या सरदाराचे सैनिकही असू शकतील आणि दगड त्याबद्दल काही बोलत नाही. सोपे करताना आपण नकळत एक निकाल देऊन टाकतो, तिथे थांबावे. शस्त्राचा प्रश्नही मुद्दाम आहे. त्याचे उत्तर पाटीवर नाही, म्हणून ते वहीत उतरवता येत नाही. दगडाजवळ जावेच लागते.

बेसॉल्ट, सापडल्याचे ठिकाण, नोंद क्रमांक या गोष्टी टाकून द्यायच्या नाहीत. तळाशी लहान अक्षरांत एका ओळीत त्या राहू द्याव्यात. ज्याला लागतात, तो त्या शोधतोच.

शेवटच्या वाक्यावर आक्षेप येतो. संग्रहालयाने ‘माहीत नाही’ असे कशाला लिहायचे? माझे मत उलट आहे. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, नाव नसते. ही रिकामी जागा भरण्याचा मोह मुलांसाठी लिहिताना फार होतो. एखादे जुन्या वळणाचे नाव ठेवून द्यावे, त्याला बायको-मुले द्यावीत, गोष्ट रंगवावी. ती गोष्ट मुले खरी म्हणून घरी नेतात आणि मग ती खोडता येत नाही. त्यापेक्षा दगड मागे राहिला आणि नाव गेले, हे सरळ सांगावे. त्यावर मुले सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.

दायमाबादच्या कांस्यमूर्तींपाशी हाच प्रश्न मोठा होतो. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावात एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, बाकीचे तिघे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. त्या किती जुन्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काही जण त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या, म्हणजे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या मानतात. काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून शंका घेतली आहे, कारण इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत ते इतके आढळत नाही. मुलांसाठी हा वाद पाटीवर कसा आणायचा? आर्सेनिक टाळता येईल, पण वादाचे मूळ टाळू नये, आणि ते सोपे आहे: ‘शास्त्रज्ञांनी थर मोजत खणले असते, तर कोणत्या थरात सापडल्या यावरून वय ठरले असते. या मूर्ती झाड खणताना सापडल्या. म्हणून त्यांच्या वयाबद्दल अजून वाद आहे. बरेच जण सुमारे ४००० वर्षे म्हणतात.’ चार वाक्यांत उत्खनन का करतात हेही कळून जाते. ‘अंदाजे इ.स.पू. २०००’ एवढेच छापले असते, तर यातले काहीच कळले नसते.

वीरगळांजवळ कधी कधी आणखी एक कोरीव खूण असते, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. ही सतीची खूण. पतीच्या चितेवर जळून मेलेल्या स्त्रीची. पाचवीच्या मुलांसमोर हे कसे लिहायचे, याचा घोर लिहिणाऱ्याला पडतो आणि बहुतेक पाट्या ‘सतीचा हात’ एवढेच म्हणून सुटका करून घेतात. मुले विचारतात, शिक्षक ‘नंतर सांगते’ म्हणतात. मला वाटते, तीन-चार स्वच्छ वाक्ये लिहावीत: ‘हा हात एका स्त्रीची आठवण आहे. नवऱ्याच्या चितेवर ती जळून मेली. तिने ते स्वतः ठरवले की तिच्यावर लादले, हे दगड सांगत नाही. ही प्रथा पुढे कायद्याने बंद झाली.’ बंगालमध्ये १८२९ मध्ये बंदी आली आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात, हे शिक्षकांच्या माहितीपत्रकात द्यावे. पाटीवर ‘पवित्र’, ‘महान त्याग’ असे शब्द नकोत आणि भयानक वर्णनही नको.

इंग्रजी पाटीची चूक बहुधा एकच असते. ती मराठीचे भाषांतर असते, किंवा मराठी तिचे. अभ्यासकाने मसुदा इंग्रजीत केलेला असेल तर मराठीत ‘द्वारा’, ‘च्या माध्यमातून’, ‘दर्शविण्यात आलेले आहे’ ही रांग लागते आणि वाक्य कोण काय करतो ते सांगतच नाही. मसुदा मराठीतला असेल तर इंग्रजीत ‘सेलेस्टियल निंफ्स’ आणि ‘असेन्शन टू हेवन’ उगवतात, जे इंग्रजी शाळेतल्या मुलाने कधी ऐकलेले नसतात. त्याच्या घरी मराठी बोलतात, तो फक्त वाचतो इंग्रजी. ‘अप्सरा’ त्याला माहीत असतात, ‘निंफ’ नाही. म्हणून इंग्रजी पाटीतही ‘अप्सरा’च ठेवावे आणि पहिले वाक्य ‘स्टार्ट अ‍ॅट द बॉटम’ असे चार शब्दांचे करावे.

दोन्ही पाट्या दगडासमोर उभे राहून वेगवेगळ्या लिहाव्यात. त्यांनी दाखवायच्या गोष्टी त्याच असाव्यात, वाक्ये तीच नसली तरी चालतात. मराठी वाचकाला शिवलिंग समजावून सांगायची गरज नाही. इंग्रजी पाटी परदेशी पाहुणाही वाचतो, परप्रांतीयही, तिथे ‘शिवाचे प्रतीक’ एवढी जोड लागते. त्या जागेसाठी इंग्रजीतून दुसरे काही कमी करावे लागते. मी असतो तर शस्त्राचा प्रश्न ठेवीन आणि एखादे लढाईचे वाक्य काढीन, कारण लढाई डोळ्यांना दिसतेच. एका गोष्टीत मात्र तडजोड नको: ‘माहीत नाही’ हे मराठीत असेल तर इंग्रजीतही असायला हवे. मराठीत ठाम आणि इंग्रजीत सावध, असे झाले तर दोन्ही वाचणारे मूल ते पकडते आणि मग कशावरच विश्वास ठेवत नाही. इंग्रजीतले नावाचे स्पेलिंगही संपूर्ण संग्रहालयात एकच असावे. वीरगळ हा शब्द इंग्रजीत किमान तीन प्रकारे लिहिलेला आढळतो आणि शेजारच्या दोन पाट्यांवर दोन स्पेलिंगे असली, की मुलांना त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

पाटी छापायच्या आधी ती तपासायची सोय अगदी स्वस्त आहे. साध्या कागदावर खऱ्या आकारात छापून घ्यायची, दगडाशेजारी चिकटवायची आणि एखादी तुकडी येईल तेव्हा मागे उभे राहायचे. मुलांना ‘समजलं का?’ असे विचारू नये. वर्गातल्या सवयीने सगळे ‘हो’ म्हणतात. ‘यात काय चाललंय, मला सांग ना’ असे विचारावे आणि बोट कुठे जाते ते बघावे. बोट दगडावर गेले तर पाटी जमली. मूल पाटीकडे वळून वाचून दाखवू लागले, तर कोणत्या वाक्यावर वळले ते लिहून ठेवावे आणि तेच वाक्य बदलावे. एकाच ठिकाणी तीन-चार मुले अडली, तर दोष वाक्याचाच असतो.

मग छपाई. इंग्रजीइतक्याच पॉइंटमध्ये देवनागरी छापली तर ती लहान दिसते, कारण वरच्या-खालच्या मात्रांना जागा सोडावी लागते आणि मधले अक्षर आकसते. म्हणून देवनागरी थोडी मोठी घ्यावी आणि ओळींमधले अंतरही वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. दोन भाषा ओळीआड मिसळू नयेत. मराठी सलग, इंग्रजी सलग, म्हणजे प्रत्येकाला आपला मजकूर एका नजरेत सापडतो. पाटी दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला हवी. मोठ्यांना थोडे वाकावे लागले तरी हरकत नाही.

शेवटचे प्रूफ मराठी नीट वाचणाऱ्या माणसानेच बघावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘ऱ’ तुटतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. पडद्यावर बरोबर दिसलेले अक्षर मोठ्या फलकावर छापून येताना बिघडलेले मी पाहिले आहे. म्हणून फलक भिंतीवर चढण्याआधी तो स्वतः शब्दन् शब्द वाचावा, आणि त्यातही ‘सर्वांत’, ‘दुसऱ्या’, ‘वर्षांपूर्वी’ आणि ‘मूर्ती’ या शब्दांवर बोट ठेवून.